औषध वितरकासाठी सेफ्टी स्टॉक आणि सर्व्हिस लेव्हल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न स्टॉकिस्ट मंडळी आम्हाला नेहमी विचारतात. कंपनीचा डेपो भिवंडीकडे, आपलं गोडाऊन कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला, मधे ट्रान्सपोर्ट, आणि समोर रोज फोन करणारे केमिस्ट, अशी मांडणी डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत. उदाहरण शेवटपर्यंत एकाच मालाचं आहे : अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह ६२५ ची दहा गोळ्यांची स्ट्रिप. आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. तुमचे वेगळे असतील, रीत तीच राहील.

आम्ही सगळ्या मालाचा पंधरा दिवसांचा साठा ठेवतो. तेवढं पुरत नाही का?

काही मालाला पुरतं आणि काही मालात उगाच पैसे अडकतात. कोणत्या मालाचं काय होतंय हे मात्र त्या नियमावरून कळत नाही, ही खरी अडचण. एखादं औषध रोज सारखंच खपतं आणि ऑर्डर दिली की चौथ्या दिवशी येतं. दुसरं एके दिवशी शंभर स्ट्रिप जातं, मग दोन दिवस कोणी विचारत नाही, आणि डेपोकडून कधी चार दिवसांत येतं तर कधी तेरा. दोघांचा महिन्याचा खप सारखा असला की पंधरा दिवसांचा नियम दोघांना सारखाच माल देतो. पहिल्याचे खोके मागे पडून राहतात आणि दुसऱ्याला केमिस्टला 'नाही' म्हणावं लागतं.

ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंत सरासरी जेवढा खप होईल, तेवढा माल तर लागतोच. सेफ्टी स्टॉक म्हणजे त्याच्या वरचा भाग. खप सरासरीपेक्षा जास्त निघाला किंवा माल नेहमीपेक्षा उशिरा आला, तर हा भाग वापरात येतो. म्हणून तो ठरवताना सरासरी किती यापेक्षा सरासरीपासून किती हेलकावे बसतात, हे बघायचं.

खपाचे आकडे सॉफ्टवेअरमधून घेतले तर चालतील?

चालतील, पण एक दुरुस्ती करावी लागेल. सॉफ्टवेअरमध्ये विक्री दिसते, मागणी दिसत नाही. माल संपलेला असताना केमिस्टने ५० स्ट्रिप मागितल्या आणि बिल झालं नाही, तर त्या दिवशी खप शून्य दिसतो. तोच शून्य सरासरीत धरला तर सरासरी खाली येते, पुढची ऑर्डर कमी जाते आणि माल आणखी लवकर संपतो. बऱ्याच गोडाऊनमध्ये ठरावीक औषधं कायम शॉर्ट असतात, त्याचं एक कारण हे आहे.

यासाठी ऑर्डर घेणाऱ्या मुलाजवळ शॉर्टेजची वही हवी. तारीख, औषध, किती मागितलं, एवढ्या तीनच नोंदी. वही नसेल तर निदान माल शून्य होता ते दिवस हिशेबातून काढून टाका. त्या दिवसांना शून्य खप म्हणून मोजू नका.

दिवस कामाचेच मोजा, रविवार सोडून, साधारण २६ एका महिन्यात. माल असूनही कोणी मागितला नाही असे दिवस मात्र शून्य म्हणून ठेवायचे, तो खरा शून्य आहे. आमच्या उदाहरणात तीन महिन्यांच्या आकड्यांवरून रोजची सरासरी ४० स्ट्रिप आणि प्रमाण विचलन २५ स्ट्रिप निघालं. प्रमाण विचलन म्हणजे रोजचा खप सरासरीपासून साधारण किती लांब जातो याचं माप. एक्सेलमध्ये `STDEV.S` हे काम करतं.

लीड टाइम कुठून कुठपर्यंत मोजायचा? कंपनी तर म्हणते ४ दिवस.

कंपनी बिल झाल्यापासून माल पोचेपर्यंतचे दिवस सांगते. तुमचा लीड टाइम तुम्ही ऑर्डर पाठवली त्या दिवशी सुरू होतो आणि माल तपासून, बॅच व एक्स्पायरी चढवून विकायला तयार झाला की संपतो. मधे ऑर्डर डेपोत पडून राहिली, थकबाकीमुळे बिल अडलं, ट्रान्सपोर्टने एक दिवस गाडी भरण्याची वाट पाहिली, हे सगळं त्यात आलं.

मागच्या दहा ऑर्डरींच्या तारखा काढा. उदाहरणातले कामाचे दिवस असे आहेत : ४, ५, ४, ८, ४, १३, ४, ६, ४, ८. सरासरी बरोबर ६ आणि प्रमाण विचलन २.९, आपण ३ धरू. दहापैकी पाच वेळा माल ४ दिवसांत आला, म्हणून कंपनीचा माणूस ४ म्हणतो ते त्याच्या बाजूने खरंच आहे. तुमचं गोडाऊन मात्र उरलेल्या पाच वेळांमुळे रिकामं होतं.

४०० मागवल्या आणि १५० आल्या असतील, तर १५० आल्या त्या दिवशी ऑर्डर पूर्ण झाली असं लिहू नका. उरलेला मोठा हिस्सा ज्या दिवशी आला तो दिवस धरा. अशी ऑर्डर लवकर आल्यासारखी नोंदवली की उशीर कागदावरून गायब होतो आणि सेफ्टी स्टॉक कमी निघतो.

आता सूत्र सांगा.

```
SS  = z × √( L × σd² + d² × σL² )
ROP = d × L + SS
```

d म्हणजे रोजची सरासरी मागणी, σd तिचं प्रमाण विचलन. L म्हणजे सरासरी लीड टाइम, σL त्याचं प्रमाण विचलन. z हा आकडा सर्व्हिस लेव्हलवरून येतो : ९० टक्क्यांना १.२८, ९५ ला १.६४५, ९९ ला २.३३. SS म्हणजे सेफ्टी स्टॉक, आणि ROP म्हणजे रीऑर्डर लेव्हल, ज्या पातळीला माल आला की ऑर्डर द्यायची.

आपले आकडे घालू. मागणीच्या हेलकाव्याचा भाग ६ × २५ × २५ = ३,७५०. उशिराचा भाग ४० × ४० × ३ × ३ = १४,४००. बेरीज १८,१५० आणि तिचं वर्गमूळ १३४.७. ९५ टक्क्यांसाठी १.६४५ ने गुणलं की २२१.६ येतं, म्हणजे २२२ स्ट्रिप सेफ्टी स्टॉक. लीड टाइममधला सरासरी खप ४० × ६ = २४०. म्हणून रीऑर्डर लेव्हल ४६२.

एक्सेलमध्ये B1 ते B5 या खान्यांत अनुक्रमे d, σd, L, σL आणि सर्व्हिस लेव्हल लिहा :

```
B1: 40   B2: 25   B3: 6   B4: 3   B5: 0.95
=ROUNDUP(NORM.S.INV(B5)*SQRT(B3*B2^2+B1^2*B4^2),0)
```

४६२ शी तुलना करताना फक्त रॅकवरचा माल मोजू नका. रॅकवरचा माल, अधिक ऑर्डर देऊन वाटेत असलेला माल, वजा केमिस्टला कबूल केलेला पण न दिलेला माल, असा हिशेब धरा. वाटेतला माल विसरलात तर ४६२ च्या खाली गेल्यावर रोज नवी ऑर्डर जाईल आणि आठवड्याने गोडाऊनमध्ये पाय ठेवायला जागा उरणार नाही.

आमच्याकडे मागणीच फार अनियमित आहे. त्रास तिचाच जास्त असणार ना?

बहुतेकांना असंच वाटतं, कारण मागणी रोज डोळ्यांसमोर असते. वरच्या दोन आकड्यांकडे पुन्हा बघा : ३,७५० मागणीचे आणि १४,४०० उशिराचे. या मालाच्या अनिश्चिततेत पाचातले चार वाटे उशिराचे आहेत. उशीर अजिबात धरला नाही तर सेफ्टी स्टॉक १०१ स्ट्रिप निघतो. म्हणजे २२२ पैकी १२१ स्ट्रिप तुम्ही केवळ माल कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून ठेवता.

उलट बाजूनेही करून बघा. खूप मेहनत घेऊन मागणीचा अंदाज सुधारला आणि २५ चं विचलन निम्म्यावर आणलं, तर सेफ्टी स्टॉक २२२ वरून २०४ होतो. लीड टाइमचं विचलन ३ वरून १.५ वर आणलं, तर तो १४१ होतो. म्हणून अंदाजाचं नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी उशिरांची कारणं लिहून काढा, असं मी आग्रहाने सांगतो.

आम्ही एका गोडाऊनमध्ये हे केलं होतं. सगळ्यात लांबलेल्या ऑर्डरीचं कारण आमच्याकडेच सापडलं : थकबाकी मर्यादेच्या वर गेली होती, त्यामुळे डेपोने बिल रोखलं होतं, आणि ऑर्डर देणाऱ्या माणसाला हे माहीतच नव्हतं. वरच्या यादीतली १३ दिवसांची ऑर्डर अशी होती असं समजा. पैसे वेळेवर जाऊन ती ६ दिवसांत आली असती, तर सरासरी ५.३ आणि विचलन १.६४ झालं असतं. सेफ्टी स्टॉक १४४ आणि रीऑर्डर लेव्हल ३५६ वर आली असती. शिवाय बिल अडलं की ते एका औषधापुरतं अडत नाही, त्या कंपनीचा सगळा माल एकदम थांबतो. म्हणून लीड टाइम औषधागणिक मोजण्यापेक्षा कंपनीगणिक मोजावा. नोंदी जास्त मिळतात आणि रोगही नेमका तिथेच कळतो.

९५ टक्के सर्व्हिस लेव्हल म्हणजे शंभरातल्या ९५ स्ट्रिप दिल्या, असंच ना?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. या सूत्रातली सर्व्हिस लेव्हल ऑर्डरच्या फेऱ्या मोजते. ९५ टक्के म्हणजे शंभर फेऱ्यांपैकी ९५ मध्ये नवा माल येण्याआधी जुना संपणार नाही. आपण दर वेळी ४०० स्ट्रिप मागवतो असं धरलं, तर एक फेरी दहा दिवसांची आणि वर्षात सुमारे ३१ फेऱ्या. त्यातल्या दीडेक फेऱ्यांत माल संपेल.

केमिस्टने मागितलेल्या मालातला किती दिला, हे वेगळं माप आहे. त्याला फिल रेट म्हणतात. माल संपलेल्या फेरीतसुद्धा शेवटच्या थोड्याच स्ट्रिप कमी पडतात, म्हणून फिल रेट सहसा जास्त दिसतो. आपल्या उदाहरणात फेऱ्यांची सर्व्हिस लेव्हल ८० टक्के ठेवली तरी फिल रेट ९६.२ निघतो. ९० ला ९८.४ आणि ९५ ला ९९.३. मालकाने ‘मला ९५ टक्के माल देता आला पाहिजे’ म्हटलं आणि त्याला फिल रेट म्हणायचा असेल, तर z १.६४५ घेऊन गरजेच्या दुपटीहून जास्त सेफ्टी स्टॉक ठेवला जाईल. कोणतं माप बोलतोय हे आधी ठरवा.

B6 मध्ये ते वर्गमूळ (१३४.७), B7 मध्ये z आणि B8 मध्ये ऑर्डरचं प्रमाण लिहिलं की फिल रेट असा निघतो :

```
=1-B6*(NORM.S.DIST(B7,FALSE)-B7*(1-NORM.S.DIST(B7,TRUE)))/B8
```

मग कोणत्या औषधाला किती टक्के ठेवायचे?

आधी पैशांचा हिशेब करू. स्ट्रिपची खरेदी ₹१२० धरा. शेड्यूल्ड औषधांवर स्टॉकिस्टला व्यवहारात ८ टक्के मार्जिन मिळतं, म्हणजे स्ट्रिपमागे साधारण ₹१०. माल पडून राहण्याचा खर्च, म्हणजे व्याज, जागा आणि एक्स्पायरीचा धोका, वर्षाला १८ टक्के धरू.

८० टक्क्यांवरून ९५ वर जायचं तर सेफ्टी स्टॉक ११३ वरून २२२ होतो. १०९ स्ट्रिप जास्त, म्हणजे सुमारे ₹१३,१०० अडकले आणि वर्षाचा खर्च ₹२,३५०. बदल्यात वर्षभरात सुमारे ३८० स्ट्रिपची हुकणारी विक्री वाचली, मार्जिन ₹३,८००. फायद्याचं आहे. ९५ वरून ९९ वर जायचं तर आणखी ९२ स्ट्रिप, खर्च ₹२,०००, आणि वाचलेली विक्री जेमतेम ७३ स्ट्रिप, म्हणजे ₹७३०. नुसत्या मार्जिनवर हे परवडत नाही.

पण हा हिशेब सगळ्या मालाला लावू नये. अमॉक्सिक्लॅव्हला दुसऱ्या कंपनीची तीच मात्रा बाजारात मिळते आणि केमिस्ट दोन तासांत दुसरीकडून उचलतो. इन्सुलिन, फिट्सची औषधं, अवयवरोपणानंतरची औषधं यांचं तसं नाही. तिथे रुग्ण ठरावीक ब्रँडवर बसलेला असतो, डोस चुकला तर थेट त्रास होतो आणि मधेच ब्रँड बदलायला डॉक्टर सहसा तयार नसतात. अशा मालाला ९९ ठेवावेत आणि ते ₹२,००० व्यवसायाचा खर्च म्हणून मान्य करावेत. अँटासिड, व्हिटॅमिन, खोकल्याची सिरप यांना ८५-९० पुरतात. ज्याला पर्याय नाही आणि ज्याने रुग्ण अडतो ते वर, हा क्रम लावा. खपाच्या उलाढालीवरून केलेले ए-बी-सी गट एकट्याने इथे पुरत नाहीत, कारण महिन्याला वीस स्ट्रिप जाणारं फिट्सचं औषध त्या यादीत तळाशी बसतं.

सूत्राप्रमाणे ४६२ ला ऑर्डर दिली, तरी माल संपला. चूक कुठे झाली?

बहुधा चूक झाली नसेल, सूत्राची मर्यादा आड आली असेल. उशीर सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला आहे असं हे सूत्र गृहीत धरतं. तुमची यादी तशी नाही. माल ४ दिवसांच्या आधी कधीच येत नाही, पण १३ पर्यंत लांबतो. १३ दिवसांत सरासरी खपच ५२० स्ट्रिप होतो. ४६२ तिथे पुरणार कशा?

हे तपासायची सोपी रीत म्हणजे प्रत्येक लीड टाइमला वेगळं विचारणं. ४ ते ६ दिवसांत माल आला तर ४६२ संपण्याची शक्यता जवळजवळ नाही. ८ दिवसांत सुमारे २ टक्के. १३ दिवसांत मात्र ७४ टक्के. दहात एकदा १३ आणि दोनदा ८ येतात, म्हणून एकूण माल संपण्याची शक्यता सुमारे ८ टक्के. म्हणजे आपण ९५ म्हणत होतो, पण प्रत्यक्षात ९२ मिळत होते. खरे ९५ हवे असतील तर रीऑर्डर लेव्हल ५२० लागते आणि सेफ्टी स्टॉक २८०.

तुमच्या यादीत एक-दोन ऑर्डरी बाकीच्यांपेक्षा दुपटीने लांब असतील, तर सूत्राचा आकडा अंतिम धरू नका. सगळ्यात लांब उशिरात सरासरी खप किती होईल, तो आकडा काढून शेजारी ठेवा. सूत्र त्याच्या बरंच खाली येत असेल तर कारण दूर करा किंवा साठा वाढवा. तिसरा मार्ग नाही.

आम्ही त्या कंपनीला आठवड्यातून एकदाच ऑर्डर देतो. मग?

मग वरचा ४६२ चा आकडा तुम्हाला लागू होत नाही. सोमवारी ऑर्डर गेली आणि मंगळवारी खप उसळला, तर पुढच्या सोमवारपर्यंत तुम्ही काही करू शकत नाही. म्हणून लीड टाइममध्ये दोन ऑर्डरींमधलं अंतर मिळवायचं. सहा कामाचे दिवस मिळवले तर मागणीचा भाग १२ × ६२५ = ७,५०० होतो, उशिराचा भाग १४,४०० तोच राहतो. सेफ्टी स्टॉक २४४ येतो. दर सोमवारी हातातला आणि वाटेतला माल मिळून ४८० + २४४ = ७२४ होईल एवढी ऑर्डर द्यायची. सेफ्टी स्टॉक फक्त २२ स्ट्रिपने वाढला, पण लक्ष्य पातळी बरीच वर गेली. हे अंतर विसरल्याने होणारी टंचाई मी सगळ्यात जास्त पाहिली आहे.

एका हॉस्पिटलने एकदम ६०० स्ट्रिप उचलल्या. हा दिवस हिशेबात धरायचा का?

रोजच्या मागणीत धरू नका. तो एक दिवस विचलन इतकं फुगवेल की पुढचे तीन महिने तुम्ही विनाकारण जास्त माल ठेवाल. हॉस्पिटलची खरेदी वेगळी ठेवा. त्यांच्या खरेदी विभागाशी बोलून मागणी आठवडाभर आधी मागून घ्या आणि तेवढ्यापुरती स्वतंत्र ऑर्डर द्या. आधी कळलेल्या मागणीला सेफ्टी स्टॉक लागत नाही.

सर्पदंशाच्या इंजेक्शनसारखा माल महिन्यात एक-दोनदाच जातो. त्यालाही हेच सूत्र?

नाही. बहुतेक दिवस शून्य असलेल्या मालाला सरासरी आणि विचलन यांचा काही अर्थ राहत नाही. शिवाय इथे व्हायल मोजणंच चुकीचं आहे. विषबाधेची लक्षणं असलेल्या एका रुग्णाला सुरुवातीलाच ८ ते १० व्हायल लागतात, म्हणून रुग्ण मोजा. महिन्याला सरासरी २ रुग्ण असतील, तर १३ दिवसांच्या सगळ्यात लांब उशिरात सरासरी १ रुग्ण येतो. अशा तुरळक घटनांना पॉयसाँ वितरण लागू पडतं : दोन रुग्णांपुरता माल असेल तर ९२ टक्के वेळा पुरतो, तिघांपुरता असेल तर ९८ टक्के. एक्सेलमध्ये `=POISSON.DIST(3,1,TRUE)`. मी तिघांपुरत्या, म्हणजे ३० व्हायल ठेवेन, आणि खरिपाच्या दिवसांत जिथे दंश वाढतात तिथे रुग्णांची सरासरी वेगळी धरेन.

पावसाळ्यात काय बदलायचं?

दोन गोष्टी, आणि त्या वेगवेगळ्या आहेत.

पहिली म्हणजे वाढलेली मागणी. जूनच्या आकड्यांना जानेवारीची सरासरी लावू नका, मागच्या वर्षीच्या पावसाळ्याचे महिने वेगळे काढा. अमॉक्सिक्लॅव्हचा खप रोज ७० आणि विचलन ३५ झालं, तर त्याच लीड टाइमला सेफ्टी स्टॉक ३७३ आणि रीऑर्डर लेव्हल ७९३ येते. ही पातळी हंगाम संपण्याच्या साधारण एक फेरी आधी खाली आणायची. हंगाम संपल्यावर आणली तर शेवटची मोठी ऑर्डर अंगावर येते.

दुसरी गोष्ट सूत्राच्या बाहेरची आहे. मागणी आणि उशीर यांचा एकमेकांशी संबंध नाही असं सूत्र धरून चालतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला तेव्हा पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक काही दिवस बंद पडली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तसंच झालं. पूर ओसरताना लेप्टोच्या भीतीने डॉक्सिसायक्लिन, जुलाबासाठी ओआरएस, तापाची औषधं यांची मागणी चढते आणि नेमकं तेव्हाच गाडी येत नाही. हा दुहेरी फटका विचलन वाढवून हिशेबात आणता येत नाही. या भागात पुराच्या दहा-बारा औषधांची छोटी यादी करून, रस्ता पूर्ण बंद राहील असे किती दिवस निभवायचे ते ठरवून, पुरात वाढणारा रोजचा खप गुणिले तेवढे दिवस एवढा माल जूनअखेर आत घ्यावा. तो सेफ्टी स्टॉकमध्ये मिसळू नका, वेगळा लिहा. आणि तो तळमजल्यावर ठेवू नका.

टंचाई असली की केमिस्ट दुप्पट मागतात. तो आकडा वहीत लिहायचा का?

शॉर्टेजच्या वहीत लिहा, पण हिशेबात तसाच घेऊ नका. औषध मिळत नाही असं कळलं की केमिस्ट तीन स्टॉकिस्टकडे तीच ऑर्डर देतो आणि जिथून मिळेल तिथून घेतो. तिन्ही वह्यांत मागणी नोंदली जाते, रुग्ण मात्र तितकेच असतात. त्यावर कंपनीला तिप्पट ऑर्डर गेली की महिन्याभराने माल एकदम येतो आणि तेव्हा कोणी उचलत नाही. टंचाईच्या आठवड्यांत प्रत्येक केमिस्टला त्याच्या मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीएवढाच माल वाटून द्या आणि तीच सरासरी मागणी म्हणून धरा. कंपनीच्या दहावर एक फ्री स्कीममध्ये केमिस्टने भरून घेतलेल्या मालालाही हेच लागू : तो पुढच्या महिन्याचा खप आधी झालेला असतो.

सेफ्टी स्टॉकला एक्स्पायरीची मर्यादा कशी घालायची?

आपल्या उदाहरणात २२२ स्ट्रिप म्हणजे साडेपाच दिवसांचा खप. तिथे एक्स्पायरीची चिंता नाही, फक्त आधी एक्स्पायर होणारी बॅच आधी बाहेर काढा. चिंता हळू खपणाऱ्या मालाची. रीऑर्डर लेव्हल अधिक एक पूर्ण ऑर्डर, एवढा माल किती महिन्यांत खपेल ते काढा. येणाऱ्या मालाची उरलेली मुदत, वजा केमिस्टला विकायला आणि रुग्णाला संपवायला लागणारे महिने, यांच्या आत ते बसलं पाहिजे. बसत नसेल तर सर्व्हिस लेव्हल कमी करण्याआधी ऑर्डरचं प्रमाण कमी करून बघा. बऱ्याचदा माल सेफ्टी स्टॉकमुळे एक्स्पायर होत नाही, स्कीमसाठी उचललेल्या मोठ्या ऑर्डरीमुळे होतो.

हे आकडे किती दिवसांनी पुन्हा काढायचे?

मागणीचे दर महिन्याला, मागच्या तीन महिन्यांवरून. लीड टाइमचे प्रत्येक माल आल्यावर त्याच दिवशी लिहायचे आणि तीन महिन्यांनी मोजायचे, कारण दहा-बारा नोंदींशिवाय विचलनावर विश्वास ठेवता येत नाही. कंपनीने डेपो किंवा ट्रान्सपोर्ट बदलला तर जुन्या नोंदी बाजूला काढून नव्याने सुरुवात करा. नव्या दहा नोंदी होईपर्यंत जुनाच, जास्त असलेला सेफ्टी स्टॉक चालू ठेवा. आणि महिन्याला एकदा किती फेऱ्यांत माल संपला ते मोजून कागदावरच्या टक्क्यांशेजारी लिहा. ९५ च्या शेजारी सलग तीन महिने ८८-९० दिसायला लागले, तर मागणीच्या आधी लीड टाइमची वही उघडा.